फिल्टर बबल : प्रवाद किती, पुरावा किती?

देशात कुठे दंगल उसळली, निवडणुकीचा निकाल अनपेक्षित लागला किंवा एखाद्या लसीविषयी अफवा पसरली, की दुसऱ्या दिवशीच्या लेखांत एक वाक्य हमखास भेटते : समाजमाध्यमांच्या अल्गोरिदमने प्रत्येकाला आपापल्या बुडबुड्यात कोंडले आहे, आपल्याला आपलेच मत पुन्हा पुन्हा ऐकवले जाते आणि म्हणून आपण दिवसेंदिवस अधिक कडवे होत आहोत. हे वाक्य आता परिसंवादांत, महाविद्यालयीन निबंधांत आणि संपादकीयांत सिद्ध झालेल्या नियमासारखे वावरते. गुरुत्वाकर्षणाचा दाखला द्यावा तितक्या सहजतेने ‘फिल्टर बबल’चा दाखला दिला जातो. दाखला देणाऱ्याला पुरावा विचारण्याची प्रथा मात्र नाही.

ही प्रथा पाडायला हवी. कारण या एका वाक्यात तीन वेगवेगळी विधाने एकमेकांच्या पाठीवर बसलेली आहेत. पहिले विधान असे, की अल्गोरिदम आपल्याला मुख्यतः आपल्या मताचाच मजकूर दाखवतो. दुसरे असे, की त्यामुळे विरोधी मत आपल्यापर्यंत पोहोचतच नाही. तिसरे असे, की विरोधी मत न पोहोचल्यामुळे आपली मते टोकाची होतात. पहिले विधान खरे ठरले म्हणून दुसरे आपोआप खरे ठरत नाही, आणि दुसरे ठरले म्हणून तिसरे नाही. प्रत्येक पायरीला स्वतंत्र मोजमाप लागते. गेल्या दशकभरात ही मोजमापे झाली आहेत. ती वाचली, तर लोकप्रिय वाक्यातील बराच भाग गळून पडतो आणि जो उरतो तो वेगळाच, कदाचित अधिक अस्वस्थ करणारा असतो.

आरंभ मूळ दाखल्यापासून करावा. ‘फिल्टर बबल’ हा शब्दप्रयोग रूढ केला तो अमेरिकी कार्यकर्ते ईलाय पॅरिसर यांनी, २०११ मध्ये याच नावाच्या पुस्तकातून. त्यात एक प्रसंग आहे, जो नंतर हजारो वेळा सांगितला गेला. २०१० मध्ये मेक्सिकोच्या आखातात ‘बीपी’ कंपनीच्या विहिरीतून तेलगळती चालू असताना पॅरिसर यांनी आपल्या दोन मैत्रिणींना गूगलवर ‘बीपी’ हा शब्द शोधायला सांगितले. एकीला पहिल्या पानावर तेलगळतीच्या बातम्या दिसल्या, दुसरीला त्या दिसल्याच नाहीत; तिला कंपनीतील गुंतवणुकीची माहिती मिळाली. निष्कर्ष असा काढला गेला, की प्रत्येकाचे जग आता वेगळे झाले आहे.

या प्रसंगातील एक तपशील सांगताना नेहमी गाळला जातो. पॅरिसर यांनीच नोंदवले आहे, की या दोघीही एकाच भागात राहणाऱ्या, सुशिक्षित आणि डावीकडे झुकलेल्या होत्या. म्हणजे दोघींचे राजकीय मत सारखेच होते. तरीही निकाल वेगळे आले असतील, तर या प्रसंगातून ‘अल्गोरिदम मत ओळखून त्यानुसार बातम्या गाळतो’ हे सिद्ध होतेच कसे? फार तर इतकेच दिसते, की दोन शोधांचे निकाल वेगळे असू शकतात. त्यामागे मत असेल, शोधाची वेळ असेल, प्रत्येक विनंती कंपनीच्या वेगळ्या सर्व्हरकडे गेली हेही असेल, किंवा त्या क्षणी कंपनी चालवत असलेली एखादी चाचणी असेल. प्रयोगशाळेत दोन वाचने वेगळी आली, की विद्यार्थ्याला पहिला प्रश्न विचारला जातो : एकच वस्तू दोनदा मोजली असती तर वाचने किती वेगळी आली असती? हा गोंगाट, म्हणजे मोजमापाचा आपला स्वतःचा चढउतार, माहीत नसेल तर फरकाला अर्थ नसतो.

नेमका हाच प्रश्न २०१३ मध्ये नॉर्थईस्टर्न विद्यापीठातील अनिको हन्नाक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी विचारला. त्यांनी दोनशे खऱ्या वापरकर्त्यांचे शोध घेतले आणि त्याच क्षणी तेच शब्द कोऱ्या, कसलाही इतिहास नसलेल्या ओळखींवरूनही शोधले. दोन कोऱ्या ओळखींच्या निकालांत जो फरक पडला तो गोंगाट. खऱ्या वापरकर्त्याच्या निकालात त्याहून जितका जास्त फरक पडला, तितकेच वैयक्तिकीकरण. ही वजाबाकी केल्यावर उरले ते सरासरी ११.७ टक्के निकाल. कोणत्या कारणाने फरक पडतो हे शोधण्यासाठी त्यांनी कृत्रिम ओळखी तयार करून एकेक गोष्ट बदलून पाहिली. मोजता येण्याजोगा परिणाम दोनच गोष्टींचा आढळला : वापरकर्ता खात्यात प्रवेश करून शोधतो आहे की नाही, आणि तो कोणत्या ठिकाणाहून शोधतो आहे. पुण्यात ‘उपाहारगृह’ शोधणाऱ्याला पुण्यातली उपाहारगृहे दिसावीत, याला बुडबुडा म्हणणे अवघड आहे.

पुढे २०२३ मध्ये ‘नेचर’मध्ये रॉबर्टसन आणि सहकाऱ्यांचा अभ्यास आला. त्यांनी अमेरिकी वापरकर्त्यांना गूगलने काय दाखवले आणि त्यांनी स्वतः काय उघडले, हे दोन्ही २०१८ आणि २०२० च्या निवडणुकांच्या काळात नोंदवले. यंत्राने दाखवलेल्या बातम्यांपेक्षा माणसांनी निवडलेल्या बातम्या अधिक पक्षपाती आणि कमी विश्वासार्ह निघाल्या. शोधयंत्रापुरते बोलायचे, तर बुडबुड्याची भिंत बाहेरून कोणी बांधलेली नव्हती.

‘शोधयंत्राचे सोडा, फेसबुकचे काय?’ हा प्रश्न रास्त आहे, आणि तिथेच हे प्रकरण खऱ्या अर्थाने गुंतागुंतीचे होते.

२०१५ मध्ये ‘सायन्स’मध्ये बक्षी, मेसिंग आणि अडॅमिक यांचा निबंध आला. हे तिघेही अभ्यासाच्या वेळी फेसबुकशी संबंधित होते. स्वतःचा राजकीय कल फेसबुकवर नोंदवणाऱ्या सुमारे १ कोटी १ लाख अमेरिकी वापरकर्त्यांचे त्यांनी निरीक्षण केले. पद्धत समजून घेण्याजोगी आहे. बातमी वापरकर्त्यापर्यंत येताना एकामागोमाग एक अशा चाळण्यांतून जाते : मित्र काय पाठवतात, त्यातले अल्गोरिदम काय दाखवतो, आणि दिसलेल्यातले माणूस काय उघडतो. प्रत्येक चाळणीत विरोधी बाजूच्या बातम्या किती गळतात, हे त्यांनी वेगवेगळे मोजले.

उदारमतवादी वापरकर्त्यांचे आकडे पाहू. बातम्या कोणाहीकडून यादृच्छिकपणे आल्या असत्या, तर त्यांतील सुमारे ४५ टक्के विरोधी बाजूच्या असत्या. प्रत्यक्षात त्यांच्या मित्रांनी पाठवलेल्या बातम्यांत हे प्रमाण २४ टक्के होते. म्हणजे अल्गोरिदमने हात लावण्यापूर्वीच, केवळ मित्रांच्या निवडीने, जवळजवळ निम्मी विरोधी मते गळाली होती. त्यानंतर अल्गोरिदमने विरोधी बातमी दिसण्याची शक्यता, अनुकूल बातमीच्या तुलनेत, आणखी सुमारे ८ टक्क्यांनी घटवली. शेवटी दिसलेल्या बातम्यांतून निवडताना माणसाने ती आणखी ६ टक्क्यांनी घटवली. परंपरावाद्यांच्या बाबतीत अल्गोरिदमचा वाटा सुमारे ५ टक्के आणि स्वतःच्या निवडीचा १७ टक्के होता.

या निबंधाचा निष्कर्ष गाजला तो असा : विरोधी मतापासून दूर राहण्यात अल्गोरिदमपेक्षा माणसाच्या स्वतःच्या निवडीचा वाटा मोठा. कंपनीला हा निष्कर्ष सोयीचा होता, हे सांगायला नको. परंतु वरचे आकडे पुन्हा वाचावेत. परंपरावाद्यांच्या बाबतीत तो खरा आहे. उदारमतवाद्यांच्या बाबतीत अल्गोरिदमचे ८ टक्के निवडीच्या ६ टक्क्यांहून जास्त आहेत. एका गटात खरे आणि दुसऱ्यात उलट असलेले विधान सरसकट मांडले गेले. शिवाय आपला कल जाहीरपणे नोंदवणारे वापरकर्ते फेसबुकच्या एकूण वापरकर्त्यांचा लहान आणि वेगळ्या स्वभावाचा भाग होते. आणि अल्गोरिदम व निवड या दोन चाळण्या एकमेकींपासून स्वतंत्रही नाहीत. काल माणसाने काय उघडले यावरूनच अल्गोरिदम आज काय दाखवायचे ते ठरवतो. एका चाळणीचे भोक दुसरीच्या आकाराने बदलत असेल, तर गळतीचा दोष दोघींत टक्क्यांनी वाटून देणे हे हिशेबाचे चातुर्य ठरते.

तरीही एक गोष्ट या अभ्यासातून टिकते. सर्वांत मोठी गळती पहिल्या चाळणीत होती, आणि ती चाळणी म्हणजे आपण जोडलेली माणसे. समान मताची, समान थराची माणसे एकत्र येतात हे समाजशास्त्राला इंटरनेटच्या कितीतरी आधीपासून ठाऊक आहे.

आता तिसऱ्या पायरीकडे यावे, कारण खरी भीती तिथे आहे. समान मताचा मजकूर जास्त दिसला, म्हणून माणूस कडवा होतो का? निरीक्षणाने हे कळणार नाही. कडवा माणूस कडवी पाने निवडतो की कडवी पाने वाचून कडवा होतो, हे दोन्ही बाजूंनी सारखेच दिसते. त्यासाठी प्रयोगच हवा : काही जणांच्या फीडमधून समान मताचा मजकूर यादृच्छिक पद्धतीने कमी करायचा, काहींचा जसाच्या तसा ठेवायचा आणि मग दोघांची मते मोजायची.

असा प्रयोग २०२० च्या अमेरिकी अध्यक्षीय निवडणुकीच्या काळात झाला. विद्यापीठांतील संशोधक आणि फेसबुकची मालक कंपनी मेटा यांनी तो मिळून केला आणि २०२३ मध्ये ‘नेचर’मध्ये तो प्रसिद्ध झाला, प्रमुख लेखकांत ब्रेंडन नायन होते. प्रथम त्यांनी परिस्थिती मोजली. मधल्या स्थानावरील अमेरिकी वापरकर्त्याला दिसणाऱ्या मजकुरापैकी ५०.४ टक्के समान कलाच्या स्रोतांकडून येत होता आणि १४.७ टक्के विरुद्ध कलाच्या. उरलेला कोणत्याच बाजूचा नव्हता. साधारण पाचातील एका वापरकर्त्याच्या बाबतीत मात्र समान कलाचा वाटा पाऊणहून अधिक होता. म्हणजे पूर्ण बंद खोली बहुतेकांच्या वाट्याला नाही. पण काहींच्या वाट्याला ती जवळजवळ आहे.

मग २३,३७७ संमती दिलेल्या प्रौढांवर तीन महिने प्रयोग चालला. प्रायोगिक गटाच्या फीडमधील समान मताचा मजकूर सुमारे एक-तृतीयांशाने घटवला गेला. नियंत्रण गटात तो ५३.७ टक्के होता, प्रायोगिक गटात ३६.२ टक्के झाला. मजकूर बदलला, हे निश्चित. मते बदलली का? विरोधकांविषयीची नावड, मतांचा टोकाचेपणा, खोट्या दाव्यांवरचा विश्वास अशा आधीच जाहीर केलेल्या आठ मापांपैकी एकातही लक्षणीय फरक आढळला नाही. नमुना पुरेसा मोठा असल्यामुळे प्रमाण विचलनाच्या ०.१२ पट किंवा त्याहून मोठा परिणाम नाकारता आला. एक बारीक नोंद विशेष बोलकी आहे : समान मताचा मजकूर कमी दिसू लागल्यावर लोक जो दिसेल त्याला अधिक प्रमाणात प्रतिसाद देऊ लागले. ताट लहान केले, तर माणसाने आवडीचा घास अधिक आवर्जून उचलला.

इथे लोकप्रिय वाक्याला मोठाच तडा जातो. पण याच क्षणी दुसरा प्रवाद जन्माला आला, आणि त्यालाही तितक्याच कठोरपणे थांबवणे आवश्यक आहे. ‘समाजमाध्यमे निर्दोष असल्याचे विज्ञानाने सिद्ध केले’ असा सूर कंपनीच्या बाजूने आळवला गेला. परिणाम आढळला नाही, याचा अर्थ परिणाम नाही असा होत नाही. अर्थ इतकाच, की या व्यवस्थेत, इतक्या काळात, इतक्या बदलाने अमुक मर्यादेहून मोठा परिणाम झाला नाही. पंधरा वर्षांच्या वापराने घडलेले मन तीन महिन्यांत न बदलणे यात नवल ते काय?

प्रयोगाच्या रचनेतही एक मूलभूत मर्यादा आहे. बदल एकेकट्या व्यक्तीच्या फीडमध्ये केला गेला. तिचे मित्र, तिच्या आवडीची वृत्तपत्रे, तिचे नेते होते तसेच राहिले. चुंबकीय पदार्थातील एकच अणू वळवायचा प्रयत्न केला, तर शेजारचे अणू त्याला पूर्वीच्याच दिशेला ओढून ठेवतात. तेवढ्यावरून ‘बाह्य क्षेत्राचा पदार्थावर परिणाम होत नाही’ असा निष्कर्ष कोणी काढत नाही, कारण संपूर्ण पदार्थ क्षेत्रात ठेवला तर काय होईल हे त्या प्रयोगाने तपासलेलेच नसते. अल्गोरिदमने वृत्तसंस्थांना आणि राजकीय पक्षांना भडक बोलण्याची सवय लावली असेल, तर तो परिणाम दोन्ही गटांवर सारखाच झालेला असेल आणि त्यांच्यातील फरकात तो दिसणारच नाही.

याहून गंभीर आक्षेप २०२४ मध्ये ‘सायन्स’मध्येच नोंदवला गेला. त्याच प्रकल्पातील एका जोड-प्रयोगात नेहमीचा अल्गोरिदम आणि कालक्रमानुसार लावलेले फीड यांची तुलना झाली होती. बागची आणि सहकाऱ्यांनी दाखवून दिले, की प्रयोगाच्या काळात कंपनीने निवडणुकीमुळे तात्पुरते आपत्कालीन बदल केले होते आणि त्यामुळे अविश्वसनीय स्रोतांचा मजकूर एरवीपेक्षा कमी दिसत होता. म्हणजे ‘नेहमीचा’ अल्गोरिदम नेहमीचा नव्हता. नियंत्रण गटच हललेला होता. ज्या उपकरणाचा शून्यबिंदू उपकरणाच्या मालकाच्या हातात आहे, त्यावरची वाचने किती निर्धास्तपणे वापरावीत, हे कोणत्याही प्रयोगकर्त्याला सांगावे लागू नये.

यापुढचा प्रश्न उपायाचा. बुडबुड्याचे निदान मान्य केले, की ‘बुडबुडा फोडा, विरोधी मत ऐकवा’ हा उपचार ओघाने येतो. ख्रिस्तोफर बेल आणि सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये तो करूनच पाहिला. अमेरिकी ट्विटर वापरकर्त्यांना पैसे देऊन त्यांनी महिनाभर विरोधी पक्षाचे संदेश प्रसारित करणाऱ्या स्वयंचलित खात्याचे अनुसरण करायला लावले. रिपब्लिकन सहभागी महिन्याअखेर पूर्वीपेक्षा अधिक परंपरावादी झाले; डेमोक्रॅट किंचित अधिक उदारमतवादी झाले, पण तो फरक संख्याशास्त्रीय दृष्ट्या लक्षणीय नव्हता. या एका अभ्यासावरून ‘विरोधी मत ऐकल्याने माणूस बिथरतोच’ असा नियम काढणेही चूक ठरेल. मात्र विरोधी मताची मात्रा वाढवली की मन मवाळ होते, हे गृहीतक त्यानंतर निर्धास्तपणे वापरता येत नाही.

तत्त्वज्ञ सी. थी न्गुयेन यांनी २०२० मध्ये केलेला भेद इथे उपयोगी पडतो. बुडबुड्यात दुसरी बाजू ऐकूच येत नाही. एको चेंबरमध्ये, म्हणजे प्रतिध्वनींच्या दालनात, ती ऐकू येते. पण ती बोलणारा खोटारडा, विकला गेलेला किंवा शत्रू आहे हे आधीच शिकवलेले असते. पहिल्या अवस्थेवर माहिती हा उपाय आहे. दुसऱ्या अवस्थेत तीच माहिती शत्रुत्वाचा आणखी एक पुरावा ठरते. आपल्याकडील चर्चा हे दोन शब्द पर्यायी म्हणून वापरते आणि म्हणून दुसऱ्या रोगावर पहिल्याचे औषध देत राहते.

२०२५ मध्ये ‘सायन्स’मध्ये आलेला पिकार्डी आणि सहकाऱ्यांचा प्रयोग याच दिशेला बोट दाखवतो. त्यांनी कंपनीची परवानगी न घेता, ब्राउझरमध्ये बसवलेल्या साधनाने एक्स या मंचावरील फीडचा क्रम बदलला. मजकूर आपल्या बाजूचा की विरोधी, हा निकष त्यांनी घेतला नाही. लोकशाहीविरोधी आणि विरोधकांविषयी द्वेष पसरवणारा मजकूर काहींसाठी खाली ढकलला, काहींसाठी वर आणला. दहा दिवसांत विरोधी पक्षाविषयीच्या भावनेत शंभराच्या मापावर सुमारे दोन गुणांचा फरक पडला. आकडा लहान आहे, काळ अल्प आहे आणि देश अमेरिका आहे. पण त्यातून सुचते ते महत्त्वाचे : इतकी वर्षे मोजले गेलेले चलच कदाचित चुकीचे होते. ‘मत कोणाचे’ यापेक्षा ‘मत किती द्वेषाने मांडले’ हे चल अधिक परिणामकारक असू शकते.

आता भारताकडे वळावे, कारण उसन्या निदानाची खरी किंमत इथे मोजली जाते. वरचे जवळजवळ सर्व अभ्यास अमेरिकेतील आहेत. दोन पक्ष आणि जाहीर फीड हे त्यांचे गृहीतक आहे. भारतातील राजकीय आणि आरोग्यविषयक अफवांचे एक प्रमुख वाहन मात्र व्हॉट्सॲप आहे, आणि व्हॉट्सॲपच्या गटात संदेश निवडून वरखाली लावणारा अल्गोरिदमच नाही. काका संदेश पाठवतात, तो पुतण्याला जसाच्या तसा, आला त्या क्रमाने दिसतो. तेव्हा ‘व्हॉट्सॲपच्या अल्गोरिदमने लोकांना भडकवले’ असे लिहिणाऱ्याने यंत्र उघडून पाहिलेलेच नाही.

१ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे मुले पळवणारी टोळी समजून भटक्या समाजातील पाच जणांना जमावाने ठार मारले. त्या वर्षी देशाच्या अनेक राज्यांत अशाच अफवांवरून माणसे मारली गेली. त्या काळात फिरणाऱ्या चित्रफितींपैकी एक मूळची कराचीतील होती. मुलांच्या सुरक्षिततेविषयी जागृती करण्यासाठी केलेल्या त्या चित्रफितीचा शेवट कापून ती पुढे ढकलली जात होती. या घटनांत कोणते फिल्टर होते? कोणाचे राजकीय मत यंत्राने ओळखले होते? मुलाविषयीची भीती कोणत्याही एका पक्षाची नसते. संदेश ओळखीच्या माणसाकडून आला होता, त्याच्या मुळाशी जाण्याचा मार्ग नव्हता आणि अनोळखी भटक्या माणसाविषयीचा संशय फोनच्या कितीतरी आधीपासून गावात होता. याला बुडबुडा म्हणणे म्हणजे पिढ्यान्‌पिढ्यांच्या संशयाची जबाबदारी कॅलिफोर्नियातील संगणकावर टाकून मोकळे होणे आहे.

त्याच जुलैमध्ये व्हॉट्सॲपने भारतात एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवता येईल, अशी मर्यादा घातली. हा उपाय समजुतीचा होता, कारण तो प्रसाराच्या वेगावर होता, मतावर नव्हता. तो किती फळला, हे मात्र बाहेरच्या संशोधकाला नीट तपासता येत नाही. संदेश कूटबद्ध असतात आणि कंपनी जो आकडा देईल तोच आकडा राहतो. संशोधकांना पाहता येतात ते मुख्यतः कोणालाही सामील होता येणारे सार्वजनिक गट. गरिमेला आणि एकल्स यांनी २०२० मध्ये अशा पाच हजारांहून अधिक भारतीय राजकीय गटांतील चित्रांचा नमुना तपासला. तपासलेल्या चित्रांपैकी सुमारे १३ टक्के दिशाभूल करणारी निघाली. हा आकडा मोलाचा आहे. पण तो सार्वजनिक राजकीय गटांचा आहे. तो कुटुंबाच्या किंवा सोसायटीच्या गटांना लावून ‘व्हॉट्सॲपवरील १३ टक्के मजकूर खोटा’ असे लिहिणे म्हणजे एका विहिरीचे पाणी तपासून नदीचा अहवाल देणे.

आणि उपाय? सुमित्रा बद्रीनाथन यांनी २०१९ च्या लोकसभा निवडणुकीच्या काळात बिहारमध्ये १,२२४ जणांवर प्रयोग केला. घरी जाऊन तासभर खोटी बातमी कशी ओळखावी हे शिकवले. सरासरी परिणाम आढळला नाही. भाजपच्या समर्थकांत तर आपल्या पक्षाला अनुकूल असलेली खोटी बातमी ओळखण्याची क्षमता उलट घटली. प्रतिध्वनींच्या दालनात बाहेरून येणाऱ्या शिक्षकाचे काय होते, त्याचे हे भारतीय उदाहरण आहे. पण कथा इथे थांबत नाही. बद्रीनाथन यांचाच सहभाग असलेल्या आणि २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात बिहारमधील ५८३ गावांतील साडेतेरा हजारांच्या आसपास शाळकरी विद्यार्थ्यांना, मुख्यतः आरोग्यविषयक दाव्यांच्या आधारे, एकाऐवजी अनेक आठवड्यांवर पसरलेल्या वर्गांतून हेच शिकवले गेले. या वेळी खरे-खोटे ओळखण्याची क्षमता स्पष्टपणे वाढली आणि चार महिन्यांनंतरही ती टिकून होती. एका तासाने जे साधले नाही ते ओळखीच्या वर्गात, हळूहळू आणि मते गोठण्यापूर्वीच्या वयात साधले. यातील कोणत्या घटकाने काम केले हे वेगळे काढायचे बाकी आहे. पण दिशा दिसते, आणि त्या दिशेत अल्गोरिदमचा उल्लेखही नाही.

मग ठाम काय उरते? समान मताची माणसे एकत्र येतात आणि फीड त्या कलाला थोडा जोर देते, हे भक्कम आहे. बहुतेकांपर्यंत विरोधी मत पोहोचतच नाही, हे विधान पुराव्यापुढे टिकत नाही; लहान पण कडव्या गटाबाबत ते बऱ्याच अंशी टिकते. समान मताच्या मजकुराने माणूस कडवा होतो, हे आजवरच्या सर्वांत मोठ्या प्रयोगात दिसले नाही. मात्र त्या प्रयोगाला दीर्घकालीन आणि सामूहिक परिणाम दिसणे शक्यच नव्हते. भारताबाबत तर मोजमापच तुटपुंजे आहे.

ते तुटपुंजे राहण्यामागे आळसाइतकीच अडवणूक आहे. मेटाने संशोधक आणि पत्रकार वापरत असलेले क्राउडटँगल हे साधन ऑगस्ट २०२४ मध्ये बंद केले. युरोपीय संघाच्या डिजिटल सेवा कायद्यातील ४० व्या कलमाने संशोधकांना मोठ्या मंचांच्या विदेपर्यंत पोहोचण्याचा कायदेशीर मार्ग दिला आहे. भारतीय कायद्यात तशी तरतूद नाही. कोट्यवधी भारतीयांच्या वाचनाविषयी प्रश्न विचारायचा, तर भारतीय विद्यापीठातील संशोधकाने परदेशी कंपनीच्या मर्जीवर किंवा वापरकर्त्यांनी दान केलेल्या मूठभर विद्यावर काम करावे लागते. ‘अल्गोरिदमने आपल्याला कोंडले’ असा शोक करणाऱ्या लेखांतून ही मागणी क्वचितच उमटते. दोषी आधीच ठरलेला असला, की तपासाची गरज कोणालाच वाटत नाही.

विज्ञानाच्या विद्यार्थ्याने म्हणून पुढच्या वेळी हे वाक्य भेटेल तेव्हा तीन गोष्टी विचाराव्यात : ही तीन पायऱ्यांपैकी कोणती पायरी आहे, ती कोणत्या मंचावर आणि कोणत्या देशात मोजली गेली, आणि नियंत्रण गट कोणाच्या ताब्यात होता? या प्रश्नांची उत्तरे नसलेला लेख आपल्याला पटला, तर तो का पटला याचाही शोध घ्यावा. ‘फिल्टर बबल’ची कथा इतकी पसरली ती पुराव्याच्या बळावर पसरली नाही, ज्यांना ती आधीच खरी वाटत होती, त्यांनी ती एकमेकांना पाठवली.